तीन सारखी मशीन, दहा जॉब: कोणता जॉब कुठे लावायचा?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यातल्या छोट्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये प्लॅनिंगला नवीन मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात जॉबकार्डांचा गठ्ठा पडतो. मालक सांगतात, "तिन्ही व्हीएमसी चालू राहिल्या पाहिजेत आणि गुरुवारी गाडी लागली पाहिजे." पुढचं कोणी सांगत नाही. मग कार्ड ज्या क्रमाने आली त्या क्रमाने जॉब लागतात. बुधवारी रात्री दोन मशीन पुसून-झाकून उभी राहतात आणि तिसऱ्यावर सगळ्यात मोठा जॉब अजून अर्ध्यावरच असतो.

यावर एक साधी रीत आहे. जॉब वेळेच्या उतरत्या क्रमाने मांडायचे आणि सगळ्यात मोठ्यापासून एकेक उचलून त्या क्षणी ज्या मशीनवर कमीत कमी भार आहे तिथे द्यायचा. वाचताना एवढंच वाटतं, पण वेळ कसा मोजायचा, सुरुवातीचा भार काय धरायचा आणि वाटप झाल्यावर काय बदलायची मोकळीक आहे, यात नवीन माणूस अडकतो. इथे तेच एका उदाहरणातून सांगतो.

## १. मशीन खरंच सारखी आहेत का, ते आधी बघा

ही रीत सारख्या मशीनसाठी आहे. सारखी म्हणजे एकाच कंपनीची असा अर्थ घेऊ नका. कोणताही जॉब तिन्हीपैकी कुठेही लावला तरी तेवढाच वेळ घेईल, एवढी एकच अट आहे. कंट्रोलर वेगळा असला तरी चालेल, प्रोग्राम दोन्हीकडे तयार असला म्हणजे झालं. पण एका मशीनचा स्पिंडल जुना झालाय म्हणून सेटर तिथे फीड कमी करून चालवतो, असं असेल तर ते मशीन कागदावर सारखं आणि प्रत्यक्षात हळू आहे. तिथे दिलेला बारा तासांचा जॉब चौदा तास खाणार.

फोर्थ अ‍ॅक्सिस एकाच मशीनवर असेल तर ज्या जॉबना तो लागतो ते तिकडेच जाणार, त्यात निवड नाही. असे जॉब वाटपातून आधी बाजूला काढा, त्यांचा वेळ त्या मशीनच्या नावावर लिहा आणि उरलेल्यांचंच वाटप करा.

हे सेटरला विचारायचं, ऑफिसात बसून ठरवायचं नाही. "दादा, हा फ्लँज तिन्हीवर सारखाच निघतो का?" एवढा प्रश्न पुरतो. तो लगेच सांगेल की तीन नंबरला कूलंटचा दाब कमी आहे, तिथे खोल ड्रिल देऊ नका.

## २. हाताशी काय लागेल

- ज्या जॉबचं मटेरियल आलंय त्यांचीच जॉबकार्डं. कच्चा माल अजून यायचाय अशा जॉबला वाटपात जागा देऊ नका.
- प्रत्येक जॉबची सेटिंग शीट आणि टूल लिस्ट.
- मागच्या वेळी तोच जॉब चालला तेव्हाचं प्रॉडक्शन रजिस्टर. ऑपरेटरने लिहिलेले नग आणि तास यातूनच खरा वेळ कळतो.
- प्रत्येक मशीनवर आत्ता काय चालू आहे आणि किती नग बाकी आहेत, याची फेरी मारून केलेली नोंद.
- भिंतीवरचा पांढरा बोर्ड किंवा एक्सेलची शीट.

## ३. जॉबचा खरा वेळ काढा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे घाई करू नका. प्रोग्रामच्या शेवटी स्क्रीनवर दिसतो तो सायकल टाइम. जॉबचा वेळ त्याहून मोठा असतो, कारण नग काढणं, वाईस साफ करणं आणि नवीन नग बसवणं हे दर नगाला होतं. शिवाय सुरुवातीला सेटिंग असते आणि पहिला नग क्वालिटीकडून पास होईपर्यंत मशीन थांबून असतं.

आपल्या उदाहरणातला ब्रॅकेट घ्या. ६० नग आहेत. सायकल टाइम साडेदहा मिनिटं, नग काढणं-बसवणं दीड मिनिट. म्हणजे नगाला १२ मिनिटं, साठ नगांना ७२० मिनिटं, बरोबर १२ तास. सेटिंगला दीड तास आणि पहिला नग पास व्हायला अर्धा तास. एकूण १४ तास. नुसता सायकल टाइम धरला असता तर साडेदहा तास आले असते. साडेतीन तासांचा हा फरक कुठेतरी निघणारच, आणि तो सहसा गाडी दारात उभी असताना निघतो.

सेटिंग जॉबच्या वेळेतच धरायची, वेगळी ठेवायची नाही. एका जॉबनंतर दुसरा लावताना वाईस तीच राहते, टूलही बरीचशी तीच राहतात आणि सेटिंग अर्ध्या तासात आटपते, असंही कधी होतं. तरी पहिल्या वाटपात पूर्ण सेटिंगच धरा. असे जोडीचे जॉब पुढे अदलाबदलीच्या वेळी एकत्र आणता येतात.

मिनिटापर्यंत अचूकता इथे नको. अर्ध्या तासापर्यंत बरोबर असलं तरी पुष्कळ झालं.

## ४. उतरत्या क्रमाने मांडा आणि वाटा

समजा सोमवारी सकाळी तिन्ही व्हीएमसी मोकळ्या आहेत आणि कार्डं या क्रमाने आली आहेत. वेळ तासांत आहे, सेटिंग धरून:

फिक्स्चर प्लेट ६, गिअरबॉक्स कव्हर १२, स्पेसर ३, मॅनिफोल्ड ब्लॉक ९, क्लॅम्प ४, पंप बॉडी ८, फ्लँज ११, बेअरिंग हाउसिंग ७, लॉकिंग प्लेट २, ब्रॅकेट १४.

एकूण ७६ तास.

आधी आलेल्या क्रमानेच वाटून बघू. जो जॉब पुढे येईल तो सर्वात कमी भाराच्या मशीनला द्यायचा. म्हणजे ही काही वेडीवाकडी पद्धत नाही, बहुतेक शॉपमध्ये असंच चालतं. फिक्स्चर प्लेट एक नंबरला, कव्हर दोनला, स्पेसर तीनला. मॅनिफोल्ड तीनला, कारण तिथे तीनच तास आहेत. असं करत करत नऊ जॉब वाटून झाले की भार होतो २०, २३ आणि १९. छान सारखं दिसतं. आता शेवटचा ब्रॅकेट उरला, १४ तासांचा. तो तीन नंबरवर जातो आणि तिथला भार ३३ तास होतो. एक नंबर २० तासांत मोकळं, दोन नंबर २३ तासांत, आणि गाडी मात्र ३३ तासांनी.

आता तेच जॉब मोठ्यापासून:

| जॉब | तास | कुठे | त्यानंतरचा भार (१ / २ / ३) |
|---|---|---|---|
| ब्रॅकेट | १४ | १ | १४ / ० / ० |
| कव्हर | १२ | २ | १४ / १२ / ० |
| फ्लँज | ११ | ३ | १४ / १२ / ११ |
| मॅनिफोल्ड | ९ | ३ | १४ / १२ / २० |
| पंप बॉडी | ८ | २ | १४ / २० / २० |
| हाउसिंग | ७ | १ | २१ / २० / २० |
| फिक्स्चर प्लेट | ६ | २ | २१ / २६ / २० |
| क्लॅम्प | ४ | ३ | २१ / २६ / २४ |
| स्पेसर | ३ | १ | २४ / २६ / २४ |
| लॉकिंग प्लेट | २ | १ | २६ / २६ / २४ |

सगळं काम २६ तासांत. मशीन तीच, माणसं तीच, जॉबही तेच, आणि सात तास वाचले.

असं का होतं ते या तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात दिसतं. मॅनिफोल्ड तीन नंबरला गेला तेव्हा भार १४, १२ आणि २० असा बराच विस्कटला होता. पण पुढचे जॉब लहान लहान होत गेले आणि प्रत्येकाने कुठला तरी खड्डा भरला. टेम्पोत सामान भरताना आधी कपाट चढवतात आणि मग फटीत गोण्या सारतात, तसंच हे. मोठा जॉब शेवटी आला तर त्याने केलेला खड्डा भरायला हातात काही उरत नाही.

भार बरोबरीत आला तर? हाउसिंगनंतर दोन आणि तीन नंबर दोन्ही २० वर होते. अशा वेळी कुठेही द्या. ज्या मशीनवर त्या जॉबचं फिक्स्चर जवळ पडलंय तिथे दिला तर सेटरचे कष्ट वाचतात.

## ५. यापेक्षा चांगलं जमलं असतं का?

वाटप झालं की मालक विचारणारच, "अजून लवकर होत नाही का?" उत्तर द्यायला दोन आकडे पुरतात.

पहिला आकडा सरासरीचा. ७६ तास तीन मशीनवर अगदी समसमान वाटले तरी २५ तास २० मिनिटं होतात. त्याच्या आत काम संपणं शक्यच नाही. आपल्या यादीतले सगळे जॉब पूर्ण तासांचे आहेत, म्हणजे कुठल्याही मशीनचा भार पूर्ण तासांतच येणार आणि २६ च्या खाली कोणी जाऊ शकत नाही. आपलं वाटप २६ च आहे. इथे डोकं लावणं थांबवायचं.

दुसरा आकडा सगळ्यात मोठ्या जॉबचा. समजा ब्रॅकेटचे ६० ऐवजी २०० नग असते. तर तो जॉब ४२ तासांचा झाला असता आणि एकूण काम १०४ तास, म्हणजे सरासरी ३४ तास ४० मिनिटं. सरासरी काहीही म्हणो, एका मशीनवर ४२ तास लागणारच. तिथे वाटपाची कोणतीही रीत काही करू शकत नाही, लॉटच तोडावा लागतो. शंभर-शंभर नग दोन मशीनवर लावले तर प्रत्येक भाग २२ तासांचा होतो, कारण सेटिंग आणि पहिला नग यांचे दोन तास दोनदा जातात. एकूण काम दोन तासांनी वाढून १०६ झालं, पण ४२ तासांची भिंत पडली. फक्त दुसरं फिक्स्चर आहे का, ते तोडण्याआधी विचारा. एकच फिक्स्चर असेल तर दोन भाग एका वेळी चालणार नाहीत.

या रीतीची खात्री किती, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. अमेरिकन गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये दाखवलं की मोठा-आधी या पद्धतीने लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या ४/३ पटीपेक्षा कधीच जास्त जात नाही. नेमकं सूत्र असं, इथे m म्हणजे मशीनची संख्या:

```
4/3 - 1/(3m)
```

तीन मशीनसाठी हे ११/९ येतं, म्हणजे वाईटात वाईट साधारण २२ टक्के जास्त. जॉब कोणत्याही क्रमाने घेतले तर त्यांचाच १९६६ चा आकडा तीन मशीनसाठी ५/३ आहे, म्हणजे ६७ टक्क्यांपर्यंत जास्त. नुसता क्रम लावल्याने हमीत एवढा फरक पडतो.

आणि तो २२ टक्क्यांचा फटका खरंच बसू शकतो. तीन मशीन घ्या आणि ५, ५, ४, ४, ३, ३, ३ तासांचे सात जॉब. आपल्या रीतीने सहा जॉब वाटून भार ८, ८, ८ येतो आणि शेवटचा ३ तासांचा जॉब कुठेही दिला तरी ११. पण ५+४, ५+४ आणि ३+३+३ असं वाटलं तर तिन्ही मशीन ९ तासांत मोकळी. ही कोंडी ओळखण्याची खूण अशी की जॉब थोडे आहेत, वेळ एकमेकांच्या जवळचे आहेत आणि शेवटचा जॉबही बऱ्यापैकी मोठा आहे. तळाशी एक-दोन तासांचे किरकोळ जॉब असतील तर अशी वेळ क्वचितच येते.

## ६. आधीचा भार धरा आणि शेवटी एक अदलाबदल करून बघा

सोमवारी सकाळी तिन्ही मशीन एकदम मोकळी, हे कागदावरच होतं. प्रत्यक्षात एखाद्या मशीनवर शनिवारचं काम उरलेलं असतं. नवीन माणूस हमखास शून्यापासून बेरीज सुरू करतो आणि सगळं गणित तिथेच चुकतं.

समजा दोन नंबरवर जुन्या जॉबचे पाच तास बाकी आहेत. मग सुरुवातीचा भार ०, ५, ० असा लिहायचा आणि पुढची रीत तीच. ब्रॅकेट एक नंबरला, पण कव्हर आता तीन नंबरला जाईल, कारण दोनवर पाच तास आधीच आहेत. पूर्ण वाटप असं निघतं:

- एक नंबर: ब्रॅकेट १४, पंप बॉडी ८, क्लॅम्प ४, लॉकिंग प्लेट २. भार २८.
- दोन नंबर: जुनं काम ५, फ्लँज ११, हाउसिंग ७, स्पेसर ३. भार २६.
- तीन नंबर: कव्हर १२, मॅनिफोल्ड ९, फिक्स्चर प्लेट ६. भार २७.

एकूण ८१ तास, सरासरी २७. आपलं वाटप २८ वर आहे, म्हणजे एक तास सुधारायला जागा आहे. आता सगळ्यात जड मशीन आणि सगळ्यात हलकं मशीन यांच्याकडे बघा. फरक दोन तासांचा आहे. जड मशीनवरचा असा जॉब शोधायचा जो हलक्या मशीनवरच्या एखाद्या जॉबपेक्षा फरकाच्या अर्ध्याने, म्हणजे एक तासाने मोठा आहे. क्लॅम्प ४ आणि स्पेसर ३ ही जोडी लगेच सापडते. दोघांची जागा बदला. भार २७, २७, २७.

अशी जोडी नेहमी तंतोतंत मिळत नाही. फरकापेक्षा लहान असलेली कोणतीही अदलाबदल जड मशीनचा भार उतरवते, पण ते मशीन उतरल्यावर तिसरंच सगळ्यात जड ठरलं नाही ना, हे बघा. एक-दोन अदलाबदली करून थांबा. सर्वोत्तम वाटप शोधणं हा संगणकशास्त्रातला अवघड मानला गेलेला प्रश्न आहे. जॉब वाढले की शक्यता अफाट वाढतात आणि हाताने सगळ्या तपासणं होत नाही. अर्ध्या तासाच्या फायद्यासाठी अर्धा तास बोर्डासमोर उभं राहण्यात काही अर्थ नाही.

ग्रॅहमची वरची हमी सगळी मशीन एकाच वेळी मोकळी असतानाची आहे. सुरुवातीचा भार वेगवेगळा असेल तेव्हा तो आकडा मालकांना सांगू नका. रीत तशीही कामाला येतेच.

## ७. वाटपाचा क्रम आणि चालवायचा क्रम वेगळा

हा मुद्दा कळला की या रीतीवरचे निम्मे आक्षेप आपोआप मिटतात. "मोठे जॉब आधी लावले तर छोट्या पार्ट्यांनी काय करायचं?" हा प्रश्न डिस्पॅचवाले दरवेळी विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. पण मोठा-आधी हा क्रम जॉब *कुठे* जाईल हे ठरवण्यासाठी आहे. एकदा एका मशीनच्या वाट्याला चार जॉब आले की ते कोणत्याही क्रमाने चालवा, त्या मशीनचा शेवट तेवढ्याच तासाला होणार.

चौथ्या पायरीतलं एक नंबर मशीन घ्या: ब्रॅकेट १४, हाउसिंग ७, स्पेसर ३, लॉकिंग प्लेट २. मोठ्यापासून चालवले तर जॉब १४, २१, २४ आणि २६ व्या तासाला बाहेर पडतात. लहानापासून चालवले तर २, ५, १२ आणि २६ व्या तासाला. मशीन दोन्हीकडे २६ तासांनीच मोकळं, पण दुसऱ्या क्रमात तीन पार्ट्यांचा माल कितीतरी आधी तयार. सोमवारी दुपारपर्यंत लॉकिंग प्लेट आणि स्पेसर क्वालिटीच्या टेबलावर असतात.

तारीख असलेला जॉब असेल तर तो त्या मशीनच्या रांगेत पुढे आणा. ज्या दोन जॉबना एकच वाईस आणि तीच टूल लागतात ते एकामागे एक लावा, सेटिंग वाचेल ती वरकड कमाई. रात्री सेटर नसतो अशा शॉपमध्ये मोठा जॉब असा लावा की रात्रभर त्याचेच नग निघत राहतील आणि रात्री तीन वाजता सेटिंग बदलायची वेळ येणार नाही. हे सगळं करताना जॉब एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवू नका, म्हणजे भाराचं गणित जसंच्या तसं राहतं.

## ८. चालू शिफ्टमध्ये गणित बिघडलं तर

वरची मोकळीक तेव्हाच खरी, जेव्हा वेळेचे अंदाज भरवशाचे असतात. नवीन जॉब आहे, मागचं रजिस्टर नाही, मटेरियल कडक निघेल की काय याची खात्री नाही, अशा वेळी सगळं वाटप आधी करून ठेवू नका. जॉब उतरत्या क्रमाने एकाच रांगेत ठेवा आणि जे मशीन मोकळं होईल त्याला रांगेतला पुढचा द्या. इथे मात्र मोठे जॉब प्रत्यक्षातही आधी चालवावे लागतात, कारण अंदाज चुकला तर तो सावरायला शेवटचे छोटे जॉबच कामी येतात. छोट्या पार्टीला थोडं थांबावं लागतं, ही त्याची किंमत.

मशीन बंद पडलं तर बोर्ड पुसून पुन्हा मांडणी करा, जुन्या वाटपाला चिकटून बसू नका. जे जॉब अजून सुरूच झाले नाहीत ते सगळे परत एकत्र करा. चालू जॉबचा उरलेला वेळ हा त्या त्या मशीनचा सुरुवातीचा भार. बंद मशीनला दुरुस्तीचा वेळ आणि त्यावर अडकलेल्या जॉबचा उरलेला वेळ, दोन्ही मिळून सुरुवातीचा भार धरा. तो अडकलेला जॉब दुसरीकडे हलवायचा मोह होतो. तसा हलवला तर नवीन सेटिंग आणि पुन्हा पहिला नग पास करणं आलं, शिवाय दुसऱ्या मशीनवरचं काम थांबणार. दुरुस्ती एवढ्या वेळात होणार असेल तर जॉब तिथेच राहू द्या.

लाइट गेली तर वेगळं. तिन्ही मशीन सारखीच थांबतात, सगळ्यांचा शेवट तेवढाच पुढे सरकतो आणि वाटप बदलायची गरज पडत नाही. फक्त डिस्पॅचला नवीन वेळ कळवा. लाइट आल्यावर ज्या मशीनवर टूल नगात अडकलं होतं त्याचाच हिशेब वेगळा होतो. तिथे इन्सर्ट तुटलाय का, नग वाया गेलाय का ते बघून त्याचा भार वाढवा.

## ९. एक्सेलमध्ये बसवायचं असेल तर

दहा जॉबना बोर्ड पुरतो, तीस-चाळीस झाले की शीट बरी. पहिल्या ओळीत मथळे: `A` मध्ये कार्ड नंबर, `B` मध्ये जॉब, `C` मध्ये तास, `D` मध्ये मशीन, आणि `E1`, `F1`, `G1` मध्ये 1, 2, 3. दुसऱ्या ओळीत `E2`, `F2`, `G2` मध्ये सुरुवातीचा भार; मशीन मोकळं असलं तरी खाना रिकामा न सोडता 0 लिहा, नाहीतर सूत्र चूक दाखवतं. जॉब तिसऱ्या ओळीपासून. आधी `A` ते `C` एवढेच कॉलम तिसऱ्या ओळीपासून निवडून `C` प्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावा. मग:

```
D3:  =INDEX($E$1:$G$1,MATCH(MIN(E2:G2),E2:G2,0))
E3:  =E2+IF($D3=E$1,$C3,0)
```

`E3` उजवीकडे `G3` पर्यंत ओढा आणि `D3` ते `G3` खाली शेवटच्या जॉबपर्यंत ओढा. शेवटच्या ओळीत तिन्ही मशीनचा अंतिम भार दिसतो. बरोबरी झाली तर हे सूत्र डावीकडचं मशीन निवडतं, वरच्या तक्त्यातही तसंच केलंय, त्यामुळे शीट बरोबर बसली का हे तपासायला तेच दहा जॉब टाकून बघा. २६, २६, २४ यायला हवं.

नवीन जॉब आला तर तो खाली जोडून तसाच सोडू नका, `A` ते `C` चा क्रम पुन्हा लावा. तीन-चार ओळी पुढे गेल्यावर एखादा मोठा आकडा दिसला तर क्रम तुटलाय असं समजा. आणि अदलाबदल करायची झाली तर `D` मधलं सूत्र पुसून तिथे थेट मशीनचा नंबर टाईप करू नका, खालचे सगळे जॉब त्या एका बदलाने इकडे-तिकडे उड्या मारतात. आधी `D` चा पूर्ण कॉलम कॉपी करून तिथेच फक्त किमती म्हणून पेस्ट करा, मग हवे ते दोन नंबर बदला. `E` ते `G` मधली बेरीज आपोआप नवीन भार दाखवेल.

शीटच्या शेवटी एक रिकामा कॉलम ठेवून त्यात प्रत्यक्ष लागलेले तास लिहून घ्या, ऑपरेटरकडून शिफ्ट सुटायच्या आधी. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तो "लागले असतील बारा-तेरा" म्हणतो आणि पुढच्या वेळी तिसऱ्या पायरीत तुमच्या हाती पुन्हा अंदाजच येतो.